येसूचे तीन पोशाख : प्रकल्प नोंदी

४ जून, मालवण

मासेमारी बंदी लागून चार दिवस झाले, होड्या सगळ्या वर ओढून झापांखाली झोपल्यात आणि मी पण एकदाची टॅबलेट काढून बसले. दादाच्या (चुलत, रत्नागिरीत असतो) गेमचं काम. खाडीत तर चालवणारी येसू ही त्याची मेन कॅरेक्टर, ती मीच गेल्या वर्षी काढली होती, आणि आता त्याला तिचे तीन वेगळे पोशाख हवेत. दोन फँटसी आणि एक साय-फाय. अट एकच, तोंड तेच हवं आणि उभं राहणं तेच हवं. कारण वहिनीने बेस येसूवर चित्राचे भाग हलवणारी डिजिटल हाडं लावून श्वास घेण्याची, वल्हं टेकण्याची सगळी अ‍ॅनिमेशन्स करून ठेवलीत, ती परत करायची नाहीयेत.

बेस येसू कशी आहे ते इथे लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. कॅनव्हास ३००० बाय ४०००, येसूची उंची ३१५० पिक्सेल, डोकं ४५०, म्हणजे बरोबर सात डोकी. काष्ट्याचं नऊवारी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल पुढे आलेला. डावा हात कमरेवर, उजव्या हातात वल्हं काठीसारखं उभं. मागे अंबाडा आणि त्याला अबोलीचा गजरा. हनुवटीवर डावीकडे तीळ.

दादाला सांगून टाकलं दोन आठवड्यांत देते म्हणून. चेहरा नि शरीराचे लेयर लॉक करायचे, वरून कपडे रंगवायचे, त्यात काय एवढं.

५ जून

फाईल लावण्यात दिवस गेला. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. चेहरा, मान, हात, पाय वेगवेगळ्या लेयरवर आणि सगळे लॉक. केस दोन लेयरवर, अर्धे डोक्याच्या मागे आणि अर्धे पुढे, म्हणजे मुकुट टोपी जे काय येईल ते दोघांच्या मधे सरकवता येतं. हे बेस काढतानाच केलं होतं म्हणून वाचले.

कपड्यावरचं शेडिंग कपड्याच्या बाहेर सांडू नये म्हणून इन्हेरिट अल्फा चालू केलं तर काहीच फरक पडेना, ब्रश सगळीकडे रंग फासतोय. अर्धा तास डोकं खाजवलं. मग कळलं की कपड्यांचा ग्रुपच केला नव्हता. ते बटण खालच्या सगळ्या लेयरचा आकार मिळून धरतं, आणि सगळ्यात खाली माझा भरलेला बॅकग्राउंड, म्हणजे आकार अख्खा कॅनव्हासच झाला. प्रत्येक पोशाख आपापल्या ग्रुपमध्ये टाकला, लगेच सुतासारखं सरळ.

अजून एक लेयर केला, नाव ठेवलं 'कणा'. त्यात तीनच रेघा लाल रंगात. खांद्यांची रेघ, कमरेची रेघ, आणि गळ्याच्या खळग्यातून खाली सोडलेला ओळंबा. भार डाव्या पायावर असल्यामुळे डावी कंबर वर उचलली गेलीय, साधारण ८ अंश, आणि तोल सांभाळायला डावा खांदा खाली आलाय, ५ अंश. ओळंबा बरोबर डाव्या घोट्यावर पडतो. येसूचं उभं राहणं म्हणजे या तीन रेघा, बाकी सगळं त्यांच्यावर लटकलेलं मांस नि कापड.

९ जून

पहिला पोशाख दशावतारी. खाडीची राखणदार, डोक्याला किरीट, खांद्यांवर भुजकिर्ती, छातीवर सोनेरी पट्टे. जत्रांचा सीझन कधीच संपला त्यामुळे मीच गेल्या हिवाळ्यात काढलेले फोटो उघडून बसले. पेट्रोमॅक्स नाही आता, एलईडीचा पांढरा झोत असतो, पण तरी त्या वेषाला काय तेज येतं. जोरात काढत सुटले. संध्याकाळपर्यंत किरीट असा काही झकास झाला होता की मी स्वतःवरच खूष.

आई चहा घेऊन आली, मागे उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "ही कोण?"

"येसू गो."

"ही येसू न्हय. हिची मान खंय गेली? आणि इतकी म्हातारी कशी दिसता?"

मी लगेच तिला दाखवलं की बघ, चेहऱ्याला मी हातच लावलेला नाहीये, जुनं चित्र वर ठेवून डिफरन्स मोड लावला. या मोडमध्ये दोन चित्रं जिथे सारखी असतात तिथे काळं दिसतं. चेहरा पूर्ण काळा, एक ठिपका नाही. आई म्हणाली, "काळा काय दाखवतस माका, तोंड दाखव." आणि चहा ठेवून गेली.

११ जून

दोन दिवस चिडचिड करून शेवटी मापं घेतली. आईचं बरोबर होतं आणि त्याला कारण आहे.

किरीट मी ३८० पिक्सेल उंच काढला होता. बघणाऱ्याचा डोळा केस, किरीट, कवटी असं वेगळं मोजत नाही, हनुवटीपासून किरीटाच्या टोकापर्यंत सगळं एकच डोकं धरतो. म्हणजे डोकं झालं ८३०, आणि एकूण उंची ३५३०. भागाकार केला तर सव्वाचार डोकी. सात डोक्यांची बाई सव्वाचार डोक्यांची बाहुली झाली आणि मी शरीराचा एक पिक्सेल हलवलेला नाही!

आणि म्हातारी का? कारण किरीटाची पट्टी मी भुवयांच्या जरा वर टेकवली होती. कपाळ झाकलं गेलं की जो चेहरा उरतो त्यात डोळे एकदम वरच्या टोकाला येतात आणि खाली गाल हनुवटीच जास्त दिसते. लहान मुलाचं याच्या उलट असतं, मोठं कपाळ नि डोळे खाली. म्हणून अंगाने बाहुली आणि तोंडाने आजी असं काहीतरी विचित्र तयार झालं होतं.

म्हणजे लेयर लॉक करणं ही फक्त माझ्या हातावरची बंदी झाली. चेहरा ओळखायला लोक त्याच्या कडा बघतात, कपाळ कुठे सुरू होतं, मान किती दिसते, आणि त्या कडा सगळ्या पोशाखाच्या ताब्यात आहेत.

१३ जून

आमच्या वाडीतले एक काका दशावतारात राजपार्ट करतात. त्यांच्याकडे गेले, मोबाईलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि हसायलाच लागले.

"गो बाय, किरीट कपाळावर नाय ठेवूचो, मागे ठेवूचो. कपाळ झाकला तर लोक बघतले कोणाक?"

पेटाऱ्यातून स्वतःचा किरीट काढून घालून दाखवला. केसांच्या रेषेच्या मागे बसवतात, मागून बांधतात, आणि थोडा मागे कललेला असतो. समोरून बघितलं तर कपाळ अख्खं मोकळं. तिथे गंध, रंग, भुवया सगळं दिसायला हवं ना, रात्रभर शेवटच्या रांगेतल्या माणसाला. मी इतकी वर्षं दशावतार बघतेय आणि हे कधी लक्षातच आलं नव्हतं, फोटो पण होते की समोर.

घरी येऊन किरीट दोन केसांच्या लेयरच्या मधे सरकवला, केसांची रेषा मोकळी सोडली, उंची १५० केली आणि मागे कलवला. आता साडेपाच डोकी येतात. सात नाहीत, पण किरीट मागे कलल्यामुळे त्याची खालची कड चेहऱ्यापासून तुटलेली दिसते त्यामुळे डोळा तो वेगळा मोजतो. शिवाय किरीटाचं सोनं कपाळाच्या बाजूला मुद्दाम मळकट ठेवलं. चकचकीत भाग वर टोकाला. नाहीतर सगळ्यात उजळ जागा कपाळाच्या वर येते आणि नजर तिथेच अडकून पडते.

१७ जून

भुजकिर्ती. इथे दुसरा खड्डा.

दादाने सांगितलं होतं की गेममध्ये येसू स्क्रीनवर १८० पिक्सेल उंच असते. आजपर्यंत मी हे फक्त ऐकून सोडून दिलं होतं. आज चित्र तेवढं लहान करून बघितलं. ३१५० चं १८०, म्हणजे डोकं उरतं जेमतेम २६ पिक्सेल. तीळ गेला. डोळे दोन काळे ठिपके. ज्या चेहऱ्यासाठी मी जीव टाकतेय तो चालू गेममध्ये जवळजवळ नाहीच, तो फक्त पोशाख निवडायच्या स्क्रीनवर आणि संवादाच्या चौकटीत मोठा दिसतो.

मग चालू गेममध्ये येसू ओळखू येते कशावरून? बेस येसू पूर्ण काळी भरली आणि लहान केली. लगेच दिसलं. कमरेवरच्या डाव्या हातामुळे हात नि कंबर यांच्या मधे एक त्रिकोणी भोक आहे, त्यातून मागचं आकाश दिसतं. दोन पायांमधे एक लांबट फट. आणि डोक्यामागे अंबाड्याचा फुगवटा. या तीन गोष्टी आणि वल्ह्याची उभी रेघ. येसू म्हणजे एवढंच. बाहेरचा आकार तर आहेच पण त्यातली भोकं जास्त महत्त्वाची.

त्रिकोणाची रुंदी मोठ्या चित्रात २१० आहे, लहान केल्यावर १२ पिक्सेल. माझ्या दशावतारी पोशाखात वरून भुजकिर्ती आणि दंडावरची झालर असं दोन्ही बाजूंनी आत आल्यामुळे भोक ७० उरलं होतं, म्हणजे लहान केल्यावर ४. चार पिक्सेल म्हणजे कडा मऊ करणाऱ्या अँटी-एलियासिंगमध्येच विरघळतात, पाऊस पडला स्क्रीनवर की संपलं. हात कमरेवर आहे की नुसता लोंबतोय ते कळेना.

झालर काढून टाकली. भुजकिर्ती खाली यायची ती वर आणि बाहेर वळवली, पंखासारखी. मान पण मोकळी झाली, आईची तक्रार पण मिटली. भोक १९० झालं. कंबरेचा शेला सुटा सोडला होता तो नेमका या भोकातून मागे दिसत होता, तो पण उजवीकडे नेला. हे असं आता प्रत्येक पोशाखाला करायचं ठरवलं, आधी काळं भरून बघायचं मग रंग. उलटं केलं तर दागिन्यांवर प्रेम बसतं आणि काढवत नाहीत.

१८ जून

लाईट नाही. सकाळपासून नाही.

२३ जून

दुसरा पोशाख, साय-फाय. खोल पाण्यात उतरायचा सूट. इंटरनेटवर जे सूट सापडतात ते सगळे एकाच छापाचे, काळे, निळ्या चकाकत्या पट्ट्या, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी. ते नको होतं. काल पाऊस थांबला होता तर किनाऱ्यावर जाऊन उलट्या ठेवलेल्या फायबरच्या होड्या बघत बसले. वरचा गुळगुळीत रंगाचा थर, जिथे आपटलीय तिथे तो उडून आतली मॅट दिसतेय, मग त्यावर रेझिन लावून ठिगळ, ठिगळाचा रंग थोडा वेगळा. तळाला चिकटलेल्या कालवांचे पांढरे डाग. म्हटलं हाच सूट. शंभर वर्षांनी पण माणूस वस्तू फेकणार नाही, ठिगळच लावणार. छाती, मांड्या, नडग्या यांच्यावर होडीच्या पत्र्यासारखे वळलेले तुकडे आणि सांध्यांना काळं रबर.

दुपारपर्यंत झालं आणि बघते तर येसू खांबासारखी उभी. भोकं शाबूत, डोकी सात, सगळं मापात, तरी ताठ. वहिनींना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"कमरपट्टा बघ गं."

"काय झालं त्याला?"

"सरळ काढलायस तू. कंबर तिरकी आहे ना तिची."

आणि खरंच. पट्टा मी सवयीने आडवा ओढला होता, स्क्रीनला समांतर. आत शरीर तिरकं उभं आहे पण ते आता झाकलंय, बघणाऱ्याला कमरेबद्दल सांगणारी एकच गोष्ट उरलीय ती म्हणजे पट्टा, आणि तो सांगतोय की मी सरळ आहे. छातीच्या तुकड्याची खालची कड पण तशीच. नऊवारीत हा प्रश्न कधी आला नाही कारण निऱ्या नि ओचा आपोआप कमरेमागे जातात. कडक चिलखतात प्रत्येक कड ही एक रेघ असते आणि ती रेघ 'कणा' लेयरला विचारूनच काढावी लागते.

कणा चालू केला, कमरपट्टा ८ अंश फिरवला. छातीचा तुकडा खांद्यांच्या रेषेला समांतर, ५ अंश उलट्या दिशेने. आता डाव्या बाजूला या दोन कडा जवळ येतात आणि उजव्या बाजूला फाकतात, त्यामुळे मधलं रबर डावीकडे चुरगळलेलं, तीन घड्या, आणि उजवीकडे ताणलेलं, गुळगुळीत. एवढंच केलं आणि भार परत डाव्या पायावर आला. वहिनींनी नुसता अंगठा पाठवला. त्या जास्त बोलत नाहीत, पण चूक कुठे आहे ते त्यांना एका नजरेत दिसतं. हाडं लावून लावून आली असेल ती नजर.

बुटांचं पण तेव्हाच झालं. मी जाड तळवे दिले होते, दोन्ही पायांना सारखे, ९० पिक्सेल. म्हणजे एकतर येसू उंच होणार किंवा पाय जमिनीत रुतणार. वहिनी म्हणाल्या जमिनीची रेघ हलणार नाही. मग तळवा पातळ केला आणि जाडी घोट्याभोवती दिली.

२७ जून

हेल्मेट. मला माहीतच होतं इथे रडायला येणार.

पहिला प्रकार म्हणजे गोल काचेचा गोळा. अंबाड्यासकट डोकं आत मावायला तो ६४० रुंद झाला आणि परत बाहुली. त्यात काच आहे हे दाखवायला मी निळसर रंग २५ टक्के चढवला आणि एक पांढरा चकाकता पट्टा तिरका ओढला, तो गेला नेमका डाव्या डोळ्यावरून. मोठं करून बघितलं तर चेहरा ठीक, पण जरा लांब गेलं की डोळ्यांचा पांढरा भाग आणि कातडी यांच्यातला फरकच मरतो. वर करड्या रंगाचा लेयर 'कलर' मोडमध्ये टाकून चित्र काळं-पांढरं करून बघितलं, नाक तोंड सगळं एकाच राखाडी चिखलात. काच चेहऱ्यावरून गेली की चेहरा बदलणारच, कितीही पातळ ठेवा.

म्हणून काच चेहऱ्यावर दाखवायचीच नाही असं ठरवलं. उलट्या होडीच्या नाकासारखं अर्धं हेल्मेट केलं, मानेपासून वर येऊन केसांच्या रेषेपाशी थांबणारं. पुढे काच आहे पण ती फक्त कडेला कळते, दोन्ही गालांच्या बाहेर एक एक बारीक उजळ रेघ, बस. मधे चेहरा उघडा आहे असंच वाटतं. आणि अंबाड्यासाठी मागे वेगळा फुगवटा, म्हणजे तो पण आतच, पण आकारात दिसतो.

गजऱ्याचं काय करायचं ते मात्र आपसूक सुचलं. बेस येसूत सगळ्या चित्रात नारिंगी रंग एकाच जागी आहे, अंबाड्याला. हेल्मेटच्या त्या फुगवट्याभोवती जाळ्याच्या बोयासारखे नारिंगी तरंगे ओवून टाकले. १८० पिक्सेलवर बघितलं तर गजरा की बोया कळतच नाही, नारिंगी ठिपका त्याच जागी आहे एवढं कळतं. दशावतारी पोशाखात किरीटाच्या मागे खरी अबोली होतीच.

१ जुलै

सूटच्या छातीवर एक दिवा आहे, निळा. दादाचा हट्ट. गंमत अशी की दिवा लावला आणि चेहरा एकदम कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. कारण चेहऱ्यावर अजून बेसमधलं दुपारचं ऊन आहे, वरून डावीकडून, आणि खाली हनुवटीपाशी निळा दिवा जळतोय आणि हनुवटीला त्याचा पत्ताच नाही. न बदललेला चेहराच इथे खोटा वाटत होता.

दोन तास दादाशी यावरच वाद. तो म्हणे मूळ चेहरा बदलायचा नाही म्हणजे नाही, नाहीतर संवादाच्या चौकटीतल्या हावभावांशी जुळणार नाही. मी म्हटलं उजेड म्हणजे चेहरा नाही. शेवटी असं ठरलं की चेहऱ्याचा लेयर लॉकच राहील, त्याच्या वर वेगळा 'उजेड' लेयर, सॉफ्ट लाईट मोडमध्ये, जास्तीत जास्त २० टक्के, आणि तो फक्त जबड्याखाली, नाकपुडीखाली आणि खालच्या ओठाखाली. डोळ्यांच्या वर न्यायचा नाही. खालून येणारा उजेड भुवईपर्यंत नेला की माणूस भुतासारखा दिसतो, लहानपणी टॉर्च हनुवटीखाली धरून भिववायचो तसं.

हावभाव बदलले की चेहऱ्याचा लेयर बदलतो आणि उजेड वरून तसाच राहतो. दादा खूष.

त्याने तपासणीसाठी एक कमांड पण दिली, कारण मला डिफरन्स मोडमध्ये डोळे फाडून बघायचा कंटाळा आला होता. दोन्ही चित्रांतून चेहऱ्याचा एकच चौकोन कापायचा आणि किती पिक्सेल वेगळे आहेत ते मोजायचं.

```
magick compare -metric AE base_face.png suit_face.png null:
```

उजेड लेयर बंद करून एक्सपोर्ट केलं तर शून्य यायला हवं. पहिल्यांदा आकडा बराच मोठा आला, घाबरले. बघते तर हेल्मेटची गालाजवळची रेघ चौकोनात घुसली होती, आणि एका ठिकाणी ब्रशचा मऊ कडेचा रंग कानाच्या पाळीवर सांडला होता जो मला दिसलाच नव्हता. चौकोन भुवया ते हनुवटी इतकाच ठेवला, सांडलेलं पुसलं, शून्य. पण ९ जूनच्या किरीटवाल्या आजीला पण ही कमांड शून्यच देईल. म्हणजे माझा हात कुठे घसरला ते ही सांगते, येसू येसूसारखी दिसते का ते आईलाच विचारावं लागतं.

८ जुलै

तिसरा पोशाख. सावंतवाडीचा गंजिफा. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा बारा. ते लाखेचे चकचकीत गोल मला कायम कापडावर बघायचे होते. त्यामुळे खाडीची राणी, पायघोळ झगा, लाल, त्यावर गोल गोल पत्ते विणलेले.

काळं भरून बघितलं आणि जे व्हायचं तेच झालं. घंटा. वरून डोकं, हात, आणि खाली देवळातली घंटा. पायांमधली फट गेली, गुडघा गेला, कुठल्या पायावर भार आहे ते देवाला माहीत. पायघोळ कपड्याला माझा मोह आवरायला हवा होता, पण गोल नक्षीला जागा लागते ना.

१२ जुलै

चार दिवस झगाच. काय काय केलं ते क्रमाने.

आधी आरशासमोर आईची जुनी साडी लुंगीसारखी गुंडाळून येसूसारखी उभी राहिले (आई दारातून बघून गेली, काही बोलली नाही). कापड दोनच ठिकाणी अंगाला टेकतं. डावी उचललेली कंबर आणि उजवा पुढे आलेला गुडघा. बाकी सगळीकडे ते हवेत लोंबतं. घड्या निघतात त्या या दोन जागांवरूनच. कंबरेवरून गुडघ्याकडे तिरक्या ताणलेल्या, आणि गुडघ्यावरून खाली एकदम सरळ ओळंब्यात, कारण गुडघा पुढे असतो आणि नडगी मागे जाते, कापड नडगीला शिवतच नाही. डाव्या भाराच्या पायावर मात्र कापड जवळजवळ सपाट पडतं. मी आधी दोन्ही पायांवर सारख्या उभ्या घड्या काढल्या होत्या, पडद्यासारख्या, म्हणून घंटा.

दुसरं, नक्षी. गोल पत्ते मी कापडावर छापल्यासारखे सरळ पसरवले होते, सगळे पूर्ण गोल. घड्या कितीही चांगल्या काढा, वर सपाट गोल असले की डोळा गोलांवर विश्वास ठेवतो आणि कापड सपाट मानतो. आता प्रत्येक पत्ता हाताने वळवला. गुडघ्याच्या टोकावरचा एक पत्ता पूर्ण गोल आणि मोठा, समोर तोंड करून. त्याच्या बाजूचे लंबगोल होत जातात, मांडीच्या कडेला तर नुसत्या चपट्या चकत्या, आणि घडीत शिरलेला पत्ता अर्धा दिसतो. ज्या नक्षीने गुडघा गिळला होता तिनेच तो परत दिला. याला वेळ खूप गेला पण तिन्ही पोशाखांत मला हीच जागा सगळ्यात आवडते.

तिसरं, फट. ती नक्षीने येत नाही, तिच्यासाठी कापावंच लागतं. झगा पुढून उजव्या गुडघ्यापासून खाली उघडा केला, दोन्ही पाल्यांच्या मधे आकाश दिसेल इतका, मागचा घेर पोटऱ्यांपर्यंतच ठेवला. खालची कड पण सरळ नाही, गुडघ्याच्या बाजूला वर उचललेली.

वहिनींना विचारलं तर म्हणाल्या खाली सुटलेल्या पाल्याला हाडं लागतील, त्या तीन देतील, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून उजवा पाला गुडघ्यापासून वेगळा तुकडा केला आणि जोडाच्या वर ६० पिक्सेल जादा रंगवून ठेवलं, वाकल्यावर फट पडू नये म्हणून.

१६ जुलै

तिन्ही पोशाख आणि बेस, चौघी बाजूबाजूला, काळ्या भरून, १८० पिक्सेल. मग त्याच रंगीत. मग आडव्या उलटवून. उलटवलं की चुका उड्या मारून बाहेर येतात, सूटची डावी भुजा जाड निघाली, ती कमी केली. राणीच्या डोक्यावरचा पदर अंबाडा झाकत होता, तो मागे सरकवून अंबाड्यावर अडकवला.

दशावतारीचा ओळंबा अजून थोडा घोट्याच्या बाहेर वाटतो. उजवीकडची भुजकिर्ती वल्ह्याला मिळून जड दिसते, त्यामुळे सगळी बाई उजवीकडे कलल्यासारखी. शरीर जागेवरच आहे, वजन दिसण्यात गेलंय. उजवी भुजकिर्ती थोडी लहान करून रंग गडद केला, बरं वाटतंय. पूर्ण बरोबर आहे असं नाही म्हणणार.

१९ जुलै

आईला बोलावलं. काही न सांगता फक्त लहान चित्रं दाखवली, मधे मुद्दाम ९ जूनची किरीटवाली पण घुसवली.

आईने बोट ठेवलं. "ही येसू, ही येसू, ही पण येसू. ह्या टोपीवाल्या पोराक कशाक उभा केलंस मधी?"

किरीटवालीला 'पोर' म्हणाली. सव्वाचार डोकी.

मग सूटवालीकडे परत बघून म्हणाली, "हिका काकणां नाय घातलंस?" मी म्हटलं आई, तो पाण्यात उतरायचा सूट आहे. "मगे? पाण्यात उतरताना काकणां काढतत काय?"

डाव्या मनगटावर, रबराच्या पट्टीच्या वर, दोन हिरव्या रेघा काढल्या. कमरेवरच्या हाताची आहेत, त्रिकोणाच्या कडेला येतात, भोक अजून १९५ आहे, चालतंय. तिन्ही फाईली दादाला पाठवल्या. दोन आठवडे म्हटले होते, साडेसहा झाले, त्यावर तो काही बोलला नाही, फक्त विचारलं की सूटच्या हातातलं वल्हं लाकडाचंच का आहे. म्हटलं ते तसंच राहणार.